शंका दाबून ठेवू नका

थंडी पडली की माझ्या माकडहाडातून एक कळ उठते. पाहुण्यारावळ्यांना मी सांगतो, वाताची आहे. घरच्यांना ठाऊक आहे की ती वाताची नाही, नमस्काराची आहे. एका मेंढ्याला मी भर सभेत, कंबरेत वाकून, अत्यंत आदराने केलेल्या नमस्काराची.

निजामी अमदानी होती. लढाई तिकडे कुठे तरी चालू होती आणि इकडे रॉकेलला रांगा लागत होत्या. मी कळमनुरीच्या शाळेत तिसरीला शिकवायचो. शिकवण्यात मी मधलाच होतो, पण भाषण करण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस मीच. गणपतीत, सत्यनारायणाला, कुणाच्या बदलीच्या पानसुपारीला मला उभं करत, आणि एकदा उभा राहिलो की बसवायला दोघं लागत.

अशात जनावरांच्या खात्याने शिरड शहापूरला मेंढपाळांसाठी तीन दिवसांचा वर्ग भरवला. आता याला कार्यशाळा म्हणतात आणि गळ्यात नावाची चिठ्ठी घालून हिंडतात. तेव्हा नुसता 'वर्ग' म्हणायचे. शिकवायला हैदराबादेकडून एक जनावरांचे डॉक्टर आले होते. माणूस विद्वान आणि सरळ, पण त्यांची सगळी विद्या उर्दूत. मेंढरं असलेले सगळे लोक मराठी, तेही आपल्या पद्धतीचं. मधे दुभाषी हवा आणि रोज सकाळी वर्ग सुरू करून द्यायला कोणी बोलका हवा. दोन्ही कामांना मिळून माझं नाव कुणी तरी सुचवलं. सुचवणारा माझा मित्र होता की वैरी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला चहा पाजला आणि सुरुवातीचं भाषण कसं असावं ते सांगितलं.

"देखो मास्टर साब, सब को सलाम करना. बताना के हम क्यों आए. और सब से बड़ी बात, लोगां पूछना चाहिए. कोई भी शक हो, छोटा हो या बड़ा, दिल में नै रखना, यहींच निकालना. मैं दो जगह क्लास लेको आया. एक आदमी मुँह नै खोला. मेरे कू क्या मालूम, इनके जानवरां कू क्या होरा?"

मी म्हणालो, "साहब, आप बेफिकर रहिए." आणि बेफिकीर मीच राहिलो. रात्री पडल्या पडल्या त्यांच्या साध्या वाक्यांना मी संस्कृतचे जरीचे काठ लावले. 'शक' म्हणजे शंका. 'छोटा' म्हणजे लघु. 'बड़ा' म्हणजे दीर्घ. इथवर माझा कोश अगदी बरोबर होता, हे लक्षात घ्यावं.

सकाळी शाळेच्या दोन खोल्यांमधला कूड काढून एक लांब खोली केली होती. पुढे जाजम. जाजमावर पाटील, पटवारी, दोन-तीन जमीनदार. पाटील वर्गाचे अध्यक्ष, म्हणून त्यांना लोड. जाजम संपलं की शेणाने सारवलेली जमीन, आणि तिथे दारापर्यंत धनगर, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठ्या घेऊन. वर्ग ज्यांच्यासाठी, ते सगळ्यात मागे, आणि ज्यांच्या घरी मेंढीचा केसही नाही ते पुढे. मला यात काहीच वावगं दिसलं नाही. सभा अशीच बसायची असते.

आत जाताना चिंचेखाली एक म्हातारी दिसली. जवळ एक मेंढी. मेंढीच्या जबड्याखाली पाण्याने भरलेली पिशवी लोंबावी तशी सूज. डोळे पांढुरके, मान खाली.

मी विचारलं, "काय झालं हिला?"

म्हातारीने झटकन घोंगडी ओढून मेंढीचं तोंड झाकलं. "काई न्हाई. सरकी लई खाल्ली."

तिच्याबरोबरचा एक धनगर माझ्यामागे दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "मावशीची मेंढरं अशीच एकेक गळा सुजून चाल्ली, मास्तर. अर्धा कळप गेला. निस्तं येवढंच इचारायला आली ती, का हे काहून होऊन राहिलं. न्हाई कळलं तर उन्हाळ्यापोत्तर खुटा ऱ्हाईल हातात."

"मग विचारू द्या की! त्यासाठीच तर मी आहे," मी म्हणालो, आणि भाषण करायला गेलो.

मी बोलायला उभा राहिलो. आधी अध्यक्षमहाशय, मग पटवारीसाहेब, मग डॉक्टरसाहेब, मग जमीनदार एकेक करून, मग 'या पावन भूमीतील ज्ञानपिपासू बंधुजन'. धनगर मागे वळून बघू लागले, हे ज्ञानपिपासू कोण आले म्हणून. मग मी प्राचीन काळातल्या पशुपालनावर गेलो. मग गोकुळात शिरलो. गोकुळात मेंढ्या नव्हत्या, हे आत शिरल्यावर ध्यानात आलं, पण परत फिरायला वाट नव्हती. पाटील लोडाला टेकले, मग लोडावर आले, मग लोडाखाली गेले. आणि शेवटी, दोन्ही हात पसरून, मी तो गाभ्याचा भाग घेतला.

"तरी माझी आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे. कोणतीही शंका असो, ती लघु असो वा दीर्घ असो, मुळीच दाबून ठेवू नका. संकोच न करता, इथेच, याच ठिकाणी, सर्वांसमक्ष मोकळी करा!"

पटवाऱ्याच्या तोंडात पान होतं. ते जाजमावर आलं. शाळेत जाऊन आलेला एक जमीनदार शेजाऱ्याच्या खांद्यावर पडला. पाटलांनी विचारलं, "काय झालं? काय म्हणला?" त्यांच्या कानात सांगितलं गेलं, आणि मग अध्यक्षांचं पोट उशिरा पण फार वेळ हललं. हसणं जाजमावरून जमिनीवर आलं, जमिनीवरून दारात गेलं, आणि दारातून एक आवाज आला:

"समद्यायसमोर, मास्तर? आन हे बाया बसलेल्या?"

डॉक्टर मला विचारत होते, "क्या हुआ? क्या बोले तुम?" मी म्हणालो, "कुछ नै साहब. लोगां खुश हो गए."

हसणं ओसरलं. मी घाम पुसला आणि विचारलं, "तर, आहे का कुणाला काही श... श..." तो शब्द आता तोंडातून निघेना. मी एक श्वास घेतला. कोणी हललं नाही. मी लगेच म्हणालो, "छान! म्हणजे सर्वांना सर्व समजलेलं आहे." आणि बसलो.

अजून डॉक्टर एक अक्षरही बोललेले नव्हते. तरी सर्वांना सर्व समजलेलं होतं.

दिवसभर डॉक्टरांनी जंतांवर, खरजेवर, मेंढरांच्या देवीवर सांगितलं. मी भाषांतर केलं. कोणी काही विचारलं नाही. मधूनमधून दोघं-तिघं उठून बाहेर मात्र जायचे. जाताना माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "दाबून ठिवली न्हाई, मास्तर." पाणी कुठे आहे, बाहेर कुठे जायचं, भाकरीची सुट्टी कधी, यातलं एक अक्षर मी सांगितलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक जण दारातच दुसऱ्याला विचारत होता आणि त्या कुजबुजीत डॉक्टरांचा आवाज बुडत होता. त्या दिवशी वर्गात विचारला गेलेला सवाल म्हणजे तेवढाच, आणि तो माझ्या उणेपणामुळे.

संध्याकाळी डॉक्टरांना कुणी तरी लघुशंकेचा अर्थ सांगितला असावा. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मास्टर साब, पहले पानी किधर है वो बताओ. फिर इल्म. और पूछो तो चुप रहो. तुम पूछते, और जवाब भी तुमीच देते."

मी मनात म्हटलं, या माणसाला वक्तृत्व कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुधारलो. निदान मला तसं वाटलं. रात्री विचार करून माझा असा निष्कर्ष निघाला होता की चूक फक्त शब्दाची नव्हती, मानाचीही होती. मी धनगरांना नमस्कार केला नव्हता. म्हणून ते बोलले नाहीत. मग आज सगळ्यात आधी त्यांनाच नमस्कार, आणि तोही असा की पाटलांनाही कधी मिळाला नसेल.

आता त्या दिवशी डॉक्टरांना मेंढ्याचे दात बघून वय कसं ओळखायचं ते दाखवायचं होतं. त्यासाठी एक थोराड मेंढा दारात बांधला होता. बांधला होता म्हणजे एका पोक्त धनगराच्या हातात त्याची दोरी होती आणि धनगराच्या दुसऱ्या हातात चिलीम होती. मेंढ्याची शिंगं कानाभोवती फिरून परत पुढे आलेली.

मी जाजम ओलांडलं. थेट दारापर्यंत चालत गेलो. धनगरांसमोर उभा राहिलो, हात जोडले आणि मान खाली घालून कंबरेत वाकलो.

धनगरांना माझा नमस्कार कळला की नाही, देव जाणे. मेंढ्याला कळला. समोरच्याने डोकं खाली घातलं म्हणजे मेंढ्यांच्या रिवाजात काय होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येक लेकराला ठाऊक होतं. नव्हतं ते मला एकट्याला. धनगर ओरडला, "मास्तर, मान वर घ्या!" मला वाटलं, नमस्कार पुरे म्हणतोय, भला माणूस लाजला. मी आणखी वाकलो. मग दोरी सुटल्याचा आवाज आला, मग खुरांचा, मग मला शिंगं दिसली आणि मी वळलो. वळायला नको होतं. वळल्यामुळे जबाब मिळाला तो जिथं मास्तर लोक खुर्चीला टेकतात तिथं.

मी जाजमावरून पाटलांच्या लोडापर्यंत पोहोचलो. चालत नाही.

मला उचललं, पालथं घातलं. कुणी हळद आणायला धावलं. पाटील म्हणाले, "मास्तर, त्याची काई शंका व्हती वाटतं." दुसऱ्या दिवशीचं भाषण हे एवढंच झालं. मुख्य वक्ता मेंढा.

दुपारी मी चिंचेखाली पालथा पडलो होतो. पालथ्या माणसाला लोक माणूस समजत नाहीत, सामान समजतात, त्यामुळे त्याच्याजवळ मोकळेपणी बोलतात. म्हातारी आणि तो कालचा धनगर शेजारीच भाकर खात होते. म्हातारी म्हणत होती, "आज पाट आणखी एक बसली. तरणी मेंढी, पर उठंना."

"मावशे, मग इचार की त्या डॉक्टरला."

"काय इचारू? तो डॉक्टर पैल्यांदा काय इचारंल, सांग. चरतं कुठं? मंग काय सांगू? पाटलाच्या तळ्याखाली? पाटील हितं लोडावर बसून राहिला, आन मी सांगू का आमी तुह्या पाणथळीत येरवाळी, उजाडायच्या आत, मेंढरं घालून राहिलो?"

तेव्हा मला कळलं. गावाच्या वर पाटलांचं तळं होतं. त्याच्या पाळीखाली झिरपून वर्षभर ओल राहायची, हिरवंगार लव्हाळं उगवायचं. माळ वाळला की मेंढरांना तेवढंच हिरवं. पाटलांनी तिथे चराई बंद केली होती आणि राखण्या ठेवला होता. राखण्या झोपाळू होता.

मी पालथ्यानेच म्हणालो, "मावशी, उद्या विचारा."

दोघं दचकली. म्हातारी म्हणाली, "आगं माय! हे जितं हाय का?"

संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो, उभ्यानेच. सांगितलं की लोकांना विचारायचं आहे, पण ज्यांच्यापुढे विचारायचं त्यांची भीती आहे. कोणाची ते नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कल दोपहर कू मैं जारा. दवा भी मेरे संगात जारी. जो पूछना सुबू पूछना." मग म्हणाले, "सदर साब से बुलवाओ. तुम बोलते 'कुछ भी पूछो', मगर 'कुछ भी' की जमानत कौन देता?"

जामीन! हा शब्द मला संस्कृतातून कधीच सुचला नसता. आवतण मी देत होतो, आणि सदर म्हणजे अध्यक्ष पाटील, घर त्यांचं. विचारणाऱ्याचं नुकसान झालं तर माझं काय जाणार होतं? मी कळमनुरीला जाऊन तिसरीला पाढे शिकवणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भाषणाला दोन अडचणी होत्या. एक, मला वाकता येत नव्हतं. दोन, रात्रभर हळदीचं कढत दूध पिऊन घसा बसला होता. म्हणजे अलंकारांची सोयच उरली नव्हती. मी उभा राहिलो, मेंढा कुठे आहे ते बघितलं, आणि जे निघालं ते असं:

"राम राम. आदाब. बसा सगळे. मागच्यांनो, पुढं या, जाजमावर जागा आहे. पाणी डाव्या अंगाला रांजणात आहे. बाहेर जायचं तर चिंचेच्या मागं, विचारायची गरज नाही. भाकरी दुपारी, डॉक्टरसाहेब त्यानंतर जाणार. आज त्यांना काही शिकवायचं नाही, आज तुम्हीच विचारायचं. मेंढराबद्दल काहीही. मला माहीत नसेल तर मी माहीत नाही म्हणेन, डॉक्टरांना नसेल तर तेही म्हणतील."

मागचे पुढे यायला तयार नव्हते. जाजमाच्या काठाशी येऊन ते थांबले. मग पाटीलच म्हणाले, "या की रे. जाजम काय चावतं का?" तेव्हा ते टेकले.

मग मी तोंडात सुपारीचं भलंमोठं खांड टाकलं. हा माझा स्वतःचा शोध. डॉक्टर म्हणाले होते, पूछो तो चुप रहो, आणि माझा माझ्यावर भरवसा नव्हता. सुपारी चांगली टणक होती. मी चावत उभा राहिलो. कोणी बोलेना. पटवाऱ्याने जांभई दिली. बाहेर कुठे तरी करडू ओरडलं. माझ्या जिभेवर तीन सुभाषितं येऊन सुपारीला धडकून परत गेली. इतका वेळ गप्प मी आयुष्यात उभा राहिलो नव्हतो. लग्नात अंतरपाटामागेसुद्धा नाही.

शेवटी कालचा मेंढेवाला धनगर म्हणाला, "मास्तर, लई लागलं का?"

मला आधी कळलंच नाही की हा सवाल आहे. वर्गातला पहिला! मी सुपारी थुंकली. "हो," मी म्हणालो. "बसता येत नाही. रात्री पालथाच झोपलो."

"माही चूक झाली. चिलीम व्हती हातात."

"तुमची कसली. वाकलो मी."

लोक हसले, पण पहिल्या दिवसासारखं नाही. मग एक बाई म्हणाली, "कोणाचे तुमी, मास्तर? गाव कोनतं?"

आता हे मेंढराबद्दल नव्हतं. पण 'काहीही' म्हणून बसलो होतो. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे माणूस आधी 'कोणाचा' ते कळतं, मगच त्याला 'कसं' ते विचारता येतं. दोन दिवस मी सगळ्यांची ओळख मोठ्ठ्या आवाजात करून दिली होती, फक्त माझी राहिली होती. मी म्हणालो, "मूळचे साखऱ्याचे. वडील तिथं शेती करायचे. एका पायानं अधू होते."

म्हातारीने मान वर केली. "वढ्याकाठचं वावर का? बांधावर बाभळी?"

"हो."

"आगं माय! त्याच्यात तं आमी मेंढरं बसवत व्हतो! खताला. ऱ्हातचं जेवन तुमच्या घरून यायचं. तुही माय ताकात मीठ लई टाकायची."

"अजून टाकते."

"मंग तू लंगड्या भाऊचा! आधी काहून न्हाई सांगितलं रे? दोन दिस ते काय ज्ञान का पासू, ज्ञान का पासू लावलं व्हतं?"

'तुमी'चा 'तू' झाला, आणि खोलीची बसण्याची तऱ्हाच बदलली. काठ्या भिंतीला टेकल्या गेल्या. एकाने खरजेचं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, मी मराठीत आणलं. दुसऱ्याने कोकरं दूध का ओढत नाहीत ते विचारलं. डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, जसा माझा टाळ्या पडल्यावर उजळतो. पण म्हातारी गप्प होती. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. डॉक्टरांची पेटी दाराशी बांधून ठेवलेली होती.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे.

"लेकरा," ती म्हणाली, "तू म्हनला काय बी इचारा. काय बी म्हंजी काय बी?"

"काहीही."

"कोनासमोर बी?"

"हो."

"आन तू गेल्यावर?"

याचा जामीन मी नव्हतो. मी पाटलांकडे वळलो. वाकता येत नव्हतं म्हणून ताठच उभा राहिलो, आणि पाटलांपुढे ताठ उभा राहिलेला माणूस पाटलांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा.

"पाटील, अध्यक्ष तुम्ही आहात. या सांगतात ते बरोबर आहे. मी आज जाणार. इथं विचारलं त्याचा राग बाहेर निघणार नाही, हे मी सांगून भागत नाही. तुम्ही सांगा."

पाटलांनी इकडे तिकडे बघितलं. जाजमावर आता त्यांच्या दोन्ही अंगांना धनगर बसले होते, त्यांनीच बोलावून बसवलेले. डॉक्टर मान पुढे काढून बघत होते. भल्या माणसाला भर सभेत उदार व्हायची वेळ आली तर तो काय करणार? पाटलांनी मिशीवर हात फिरवला.

"इचार की मावशे. मी काय वाघ हाय का? हितलं हितंच ऱ्हाईल. जबान देऊन राहिलो."

"समद्यायनं आयकलं?" म्हातारीने मागे वळून विचारलं.

"आयकलं," मागून आलं.

"मंग आयका. तुमच्या तळ्याखालच्या पाणथळीत चरलेल्या मेंढरायच्या गळ्याला पानी उतरतं. आन मरत्यात. काहून?"

पाटलांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा. तोंड उघडलं. मी डोळे मिटले. पण डॉक्टर दोन्ही हातांनी टाळी वाजवून उठले होते. त्यांना तळं कोणाचं, चराई कोणाची, यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त सूज ऐकू आली होती. "कहाँ है? जानवर कहाँ है? लाओ!"

मेंढी आत आणली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या उलटल्या. आत लालीच नव्हती, पांढरं फटक. सूज दाबली तर बोटाचा खळगा तसाच राहिला. ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. मेलेलं मेंढरू फाडलं तेव्हा काळजात काय दिसलं? एक धनगर म्हणाला, "पानासारखं चपटं, हालत व्हतं." डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. तो जंत. पाणथळीतल्या बारीक गोगलगायींच्या पोटात तो वाढतो, मग ओल्या गवताला चिकटून बसतो, मेंढरू गवत खातं आणि जंत काळजात जाऊन रक्त पितो. पाण्यानं सूज येत नाही. रक्त संपतं म्हणून येते.

औषधाच्या गोळ्या त्यांच्या पेटीत होत्या. बांधलेली पेटी परत सोडली. ज्यांना नुकतीच सूज आली त्यांना त्या देता येतील, पण अगदी बसलेल्यांना नाही, त्यांना औषधच सोसणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि पाणथळीत पाय ठेवायचा नाही. गोगलगायी मारायला तिथे मोरचूद टाकायचा आणि ओल निघून जायला चर खणायचा.

"माझ्या तळ्याला?" पाटील म्हणाले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले. पाटलांनी घसा खाकरला. मग आवाज एकदम खाली आणून डॉक्टरांना म्हणाले, "साहब, एक पूछना था. वो... गाय के बछड़े कू भी होता क्या ये?"

"होता ना! वहीं चरते क्या?"

पाटील माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन कालवडींच्या गळ्याला तसंच हाय. दोन महिने झाले." मग जाजमाकडे बघून पुटपुटले, "लोकं म्हनतील, पाटलाच्या गोठ्यात रोग. कोनाला इचारावं?"

म्हातारी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "म्हंजी तुमी बी दाबून ठिवली व्हती का, पाटील?"

मला वाटलं, छप्पर उडतंय. लोक हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडले. पाटील सगळ्यात शेवटी हसले, पण हसले. डॉक्टरांनी विचारलं, "क्या बोली?" मी या खेपेला सगळं समजावून सांगितलं, लघु आणि दीर्घसुद्धा. डॉक्टर इतके हसले की त्यांची टोपी पडली. मग त्यांनी पाटलांना दम दिला की मेंढरांची ही गोळी कालवडीला चुकूनही द्यायची नाही, घातक आहे. तिचं औषध वेगळं, ते पाठवीन.

दुपारभर चिंचेखाली मेंढरांचे जबडे उघडून गोळ्या घालणं चाललं होतं. म्हातारीची बसलेली पाट संध्याकाळी गेली. बाकीची किती वाचली, ते मला पुढच्या बाजाराला कळलं. बरीच वाचली होती. निम्म्या कळपाच्या उरलेल्यात बरीच.

पाटलांनी जबान पाळली. म्हातारीला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त चर खणेपर्यंत पाणथळीवर झोपाळू राखण्याच्या जागी दुसरा, जागा राहणारा माणूस ठेवला, आणि सगळ्यांना सांगितलं की ही बंदी आता त्यांची नाही, सरकारी डॉक्टरांची आहे. म्हातारी मला बाजारात म्हणाली, "पैले काठी घेऊन हाकलत व्हता. आता दवा सांगून हाकलतो. पर हाकलतोच."

मला त्यानंतर वर्ग सुरू करून द्यायला कुठून कुठून बोलावणी आली. सगळीकडे मी आधी पाणी कुठे आहे ते सांगायचो, मग माझं गाव, आणि मग तोंडात सुपारी टाकायचो. लोकांना वाटायचं, मास्तर व्यसनी आहे. कळमनुरीत मात्र माझं नाव शंकामास्तर पडलं ते पडलंच. तिसरीतली पोरं हात वर करून विचारायची, "गुरुजी, शंका!" आणि मी दाराकडे बोट दाखवायचो.

त्या बाजारात निघताना म्हातारीने मला गाठोड्यातून ताक दिलं. मीठ घातलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, माझं भाषण कसं झालं मग?"

"कोनतं? तिसरं?"

"तिसरंच."

"बरं व्हतं," ती म्हणाली. "पर ते मेंढ्यानं पैल्याच दिशी केलं असतं, तर माही अजून एक पाट वाचली असती."